खड्ड्यावरची पोस्ट: टोमणे काढले तरी धार राहते

प्रश्न: आमच्या शाळेच्या चौकातल्या खड्ड्यावर मी ही पोस्ट टाकली होती: "नगरपरिषदेचे जाहीर आभार! न मागता शाळेसमोर जलतरण तलाव मिळाला. मुलांच्या पोहण्याच्या क्लासचा खर्च वाचला. एका वर्षात रस्त्याचा तलाव करून दाखवणाऱ्या ठेकेदाराला पद्मश्री मिळालीच पाहिजे." लोक खूप हसले, पोस्ट गावभर फिरली, एका नगरसेवकानेही हसरा चेहरा टाकला. खड्डा आहे तिथेच आहे. आता मनापासून लिहायला बसलो की 'संबंधितांनी लक्ष द्यावे ही नम्र विनंती' असलंच काहीतरी होतं. टोमणे काढून धार कशी ठेवायची?

उत्तर: नगरसेवक हसला, यातच सगळं आलं. ज्याला बोचायला हवं होतं तोच हसणाऱ्यांत येऊन बसला. त्याला तिथे बसता आलं, कारण कुणी काय करायचं होतं आणि कधीपर्यंत, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. ती वाचून प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे.

उपरोध बोचतो तो दोन गोष्टींमधल्या अंतरामुळे. तुम्ही म्हणता तलाव, डोळ्यांना दिसतो खड्डा. सरळ लिहायला घेतलं की खोटं कौतुक जातं आणि त्याच्याबरोबर ते अंतरही जातं. मग उरतो नुसता खड्डा, आणि नुसत्या खड्ड्याबद्दल विनंतीशिवाय काय करणार? म्हणून खोट्या कौतुकाच्या जागी काहीतरी खरं ठेवावं लागतं: त्या रस्त्याबद्दल कागदावर काय कबूल केलं होतं ते. कागदावर एक आणि जमिनीवर दुसरं, हे शेजारी शेजारी ठेवलं की अंतर पुन्हा तयार होतं, आणि या वेळी ते कुणाला हसून टाळता येत नाही.

तुमच्या तीन टोमण्यांमध्ये तीन खरी विधानं लपलेली आहेत. ती एकेक करून बाहेर काढू.

सगळ्यात दमदार टोमणा शेवटचा, ठेकेदाराच्या पद्मश्रीचा. त्यात दोन दावे आहेत. रस्ता वर्षभरापूर्वीच झाला, हा पहिला. ठेकेदाराने वाईट काम केलं, कदाचित पैसे खाल्ले, हा दुसरा. पहिला तुम्ही सिद्ध करू शकता, दुसरा आज तरी नाही. टोमण्यात दोन्ही एकत्र खपून जातात, सरळ वाक्यात खपत नाहीत. 'पैसे खाल्ले' असं पुराव्याशिवाय लिहिलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रूनुकसानीची नोटीस येऊ शकते, आणि मग चर्चा खड्ड्याची न राहता तुमची होते. पण पहिला दावा एकटाही पुरेसा धारदार आहे, कारण रस्त्याच्या कंत्राटात सहसा दोषदायित्व कालावधी असतो. काम पूर्ण झाल्यापासून ठरावीक मुदतीत रस्ता उखडला तर तो ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तोवर त्याच्या अनामत रकमेतला काही भाग कार्यालयाकडे अडकलेला असतो. मुदत किती, हे त्या त्या कंत्राटावर अवलंबून असतं. कामाच्या ठिकाणी माहितीफलक असेल तर बहुधा त्यावरच लिहिलेली सापडते. फलक नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून कार्यादेश, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्वाची मुदत मागा. उत्तराला ३० दिवसांची मर्यादा आहे. याच कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. तो फारसं कुणी वापरत नाही, पण आहे.

दुसरा टोमणा पोहण्याच्या क्लासचा. राग नेमका इथून आलाय, आणि इथेच तो सगळ्यात जास्त झाकला गेलाय. तुम्हाला म्हणायचं होतं की शाळा सुटते तेव्हा मुलं पाण्यातून किंवा पाणी टाळून कशीबशी जातात. मग तेच लिहा, पण आधी शाळा सुटण्याच्या वेळी तिथे उभे राहून नीट बघा. मुलं पाणी चुकवायला कुठल्या बाजूने वळतात, त्याच वेळी गाड्या कुठून येतात, लहान मुलांबरोबर मोठं कुणी असतं का. 'विद्यार्थ्यांची प्रचंड गैरसोय होत आहे' या वाक्यात एकही मूल दिसत नाही.

पहिला टोमणा नगरपरिषदेच्या आभारांचा. इथे एकच गोष्ट तपासा, पण ती चुकली तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते: रस्ता कुणाचा आहे? गावातून जाणारा मुख्य रस्ता पुष्कळदा नगरपरिषदेचा नसतोच. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, कधी राष्ट्रीय महामार्गाचा, गावाच्या कडेला तर जिल्हा परिषदेचाही. चुकीच्या कार्यालयावर रोख धरला की त्यांना 'हा रस्ता आमच्याकडे नाही' एवढंच म्हणायचं असतं, आणि ते बरोबरही असतं. फलकावर काम कुणी करवून घेतलं ते लिहिलेलं असतं, तिथून सुरुवात करा.

आता मसुदा. यातले आकडे आणि तपशील मी नमुन्यादाखल घातलेत, तुम्ही मोजलेले, पाहिलेले टाका.

> शाळेच्या चौकातलं डांबरीकरण मार्च २०२५ मध्ये पूर्ण झालं. कामाचा फलक अजून उभा आहे. त्यावर लिहिलंय: दोषदायित्व कालावधी ३ वर्षे. म्हणजे मार्च २०२८ पर्यंत हा रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा आहे.
>
> आज शाळेच्या फाटकासमोर साडेतीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद खड्डा आहे. मधोमध पट्टी उभी धरली, १८ सेंटिमीटर पाणी आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी हटत नाही, कारण गटाराचं तोंड रस्त्याच्या वर आहे.
>
> शाळा सुटली की मुलं पाणी टाळायला रस्त्याच्या मध्यावर येतात. त्याच वेळी स्टँडकडून एसटी वळते. पहिली-दुसरीतली मुलं एकमेकांचा हात धरून तिथून जातात.
>
> नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाने दोन गोष्टी सांगाव्यात. ठेकेदाराला दुरुस्तीची नोटीस कोणत्या तारखेला दिली? त्याची अनामत रक्कम अजून नगरपरिषदेकडे आहे का?
>
> या आठवड्यात दोन कामं होऊ शकतात: गटाराचं तोंड खाली घेऊन पाणी काढणं, आणि शाळा सुटण्याच्या वेळी बॅरिकेड लावून मुलांना कडेने वाट करून देणं. पक्की दुरुस्ती पाऊस संपल्यावर ठेकेदाराच्या खर्चाने व्हावी. माहिती अधिकाराचा अर्ज आज दिला आहे, उत्तर आलं की इथेच टाकेन.

यात निर्लज्ज, झोपलेलं प्रशासन, भ्रष्ट असा एकही शब्द नाही. तसले शब्द आले की वाचणारा तुमचा राग मोजायला लागतो. इथे त्याच्यासमोर फक्त दोन तारखा आणि एक वळणारी एसटी आहे, राग त्याचा त्यालाच येतो. 'दुर्लक्ष होत आहे', 'खड्डे बुजवले गेले नाहीत' अशी वाक्यंही टाळली आहेत, कारण त्यांत करणारा सापडत नाही. बांधकाम विभागाने सांगावं, ठेकेदाराने दुरुस्त करायचं, असं प्रत्येक क्रियापदाला माणूस किंवा कार्यालय जोडलेलं असू द्या. 'नम्र विनंती' इथे बसतच नाही, कारण जे कंत्राटात लिहिलंय तेच आपण मागतोय.

मागणीवर थोडं थांबतो, कारण बऱ्याच चांगल्या पोस्ट मागणीत फसतात. भर पावसात 'ताबडतोब डांबरीकरण करा' असं लिहिलं तर कार्यालयाकडे उत्तर तयार असतं: पावसाळा संपल्यावर करू. ते तांत्रिकदृष्ट्या खरंही आहे. ओल्या पृष्ठभागावर गरम डांबराचा माल धरत नाही. मग घाईने मुरूम आणि खडी टाकून खड्डा भरला जातो आणि पुढच्या मोठ्या सरीत सगळं वाहून जातं, कारण मूळ दुखणं साचलेल्या पाण्याचं असतं. पाणी खडीवरचा डांबराचा थर सोडवतं आणि चाकांच्या दाबाने माल सुटा होत जातो. म्हणून आज मागायचं ते पाणी काढणं आणि मुलांची वाट सुरक्षित करणं. पक्क्या दुरुस्तीची रीतही शेवटी एका ओळीत लिहू शकता: खड्ड्याच्या कडा चौकोनी कापून, तळ साफ आणि कोरडा करून, डांबराचा पातळ हात देऊन, गरम माल थराथराने दाबून बसवणं. ही ओळ असली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुणीही जाऊन काम तसं झालं का ते बघू शकतं.

कायद्याचा आधार द्यावासा वाटला तर एकच द्या. चांगले रस्ते मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा आदेश घेतला असता आणि मुलांच्या परिच्छेदानंतर एका वाक्यात ठेवला असता. दोन्ही घातले तर पोस्टचा निवेदनासारखा आवाज होतो आणि एसटीचं वळण मागे पडतं.

जुन्या पोस्टमधली एखादी आवडती ओळ शेवटी ठेवायचा मोह होईल, विशेषतः तलावाची. ठेवू नका. सगळं सरळ वाचत आलेल्या माणसाला शेवटी एक टोमणा मिळाला की तो त्याचीच आठवण घेऊन जातो आणि खाली विनोदांची रांग लागते. तलावातली जी खरी गोष्ट होती, ती पट्टी आणि १८ सेंटिमीटरमध्ये आधीच आली आहे. फोटो एकच टाका, त्यात पट्टी दिसू द्या, मुलांचे चेहरे मात्र नको.

प्रतिक्रियांमध्ये काही जण तरीही विनोद करतील, त्यांना उत्तर देत बसू नका. 'आमच्या वॉर्डातही हेच आहे' असं जो लिहील त्याला मात्र लगेच विचारा: तिथे फलक आहे का, त्यावर कुठली तारीख आहे? आणि नगरसेवक पुन्हा आलाच, तर ठेकेदाराला दिलेल्या नोटिशीची तारीख सगळ्यांसमोर त्यालाच विचारा. त्याला ती कार्यालयातून मिळवणं तुमच्यापेक्षा सोपं आहे. त्याने आणून दिली तर ती मूळ पोस्टमध्ये वर, त्याच्या नावासह जोडा. तीस दिवसांत अर्जाला उत्तर आलं नाही तर नवी पोस्ट न लिहिता याच पोस्टखाली तेवढंच नोंदवा आणि त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील टाका.