प्लॅटिनम टाकलं तरी HI वाढत कसं नाही?

प्रश्न: “अकरावीच्या टेस्टमध्ये होतं: 1 लिटरच्या बंद भांड्यात 1 मोल H₂ आणि 1 मोल I₂, समतोल स्थिरांक K = 64. समतोल आल्यावर त्याच तापमानाला प्लॅटिनम टाकलं, तर HI किती होईल? मी लिहिलं, उत्प्रेरकाने फॉरवर्ड रिअ‍ॅक्शन जोरात होते म्हणून समतोल उजवीकडे सरकेल, HI वाढेल. शून्य मार्क. पण अमोनियाच्या कारखान्यात उत्पादन वाढवायलाच उत्प्रेरक घालतात ना? – ठाणे”

उत्तर: फॉरवर्ड रिअ‍ॅक्शन जोरात होते हे तुझं म्हणणं बरोबर आहे. बॅकवर्डही तेवढ्याच पटीने जोरात होते, हे राहून गेलं.

आधी आकडे बघू. रिअ‍ॅक्शन H₂ + I₂ ⇌ 2HI. दोन्हींचे x मोल संपले तर (2x)² / (1−x)² = 64. वर्गमूळ घेतलं की 2x / (1−x) = 8, म्हणजे x = 0.8. समतोलाला H₂ 0.2, I₂ 0.2 आणि HI 1.6 मोल. आता प्लॅटिनम टाक आणि Q, म्हणजे त्या क्षणीच्या संहतींचा तोच भागाकार, काढ: 1.6² / (0.2 × 0.2) = 64. प्लॅटिनम घन आहे, Q च्या सूत्रात ते येतच नाही. तापमान तेच, म्हणून K तोच. Q आणि K सारखे असताना समतोल कुठेही सरकत नाही. HI 1.6 मोलच राहतं.

तुझ्या उत्तराप्रमाणे फक्त फॉरवर्डचा वेग 100 पट झाला असता, तर K म्हणजे फॉरवर्ड आणि बॅकवर्डच्या वेग-स्थिरांकांचा भागाकार kf / kb असल्यामुळे तो 6400 झाला असता आणि HI जवळजवळ 1.95 मोलवर गेलं असतं. मग प्लॅटिनम बाहेर काढलं की HI परत 1.6 वर. प्लॅटिनमची जाळी आत-बाहेर करून समतोल हवा तसा हलवायचा, आणि दर फेरीला त्यातून फुकट काम काढून घ्यायचं! निसर्गात असं होत नाही.

दोन्ही वेग सारख्याच पटीने का वाढतात, ते सक्रियण ऊर्जेच्या आलेखात दिसतं. कळवा आणि दिव्याच्या मधला पारसिकचा डोंगर डोळ्यासमोर आण. बोगद्यामुळे चढण वाचते ती येणाऱ्या गाडीचीही आणि जाणाऱ्या गाडीचीही. कळवा आणि दिवा मात्र आपापल्या उंचीवरच आहेत. तसंच अभिक्रियाकारक आणि उत्पादितांच्या ऊर्जेला उत्प्रेरक हात लावत नाही, मधलं शिखर तेवढं खाली आणतो. समजा फॉरवर्डची सक्रियण ऊर्जा 170 किलोज्यूल आणि बॅकवर्डची 180 आहे. शिखर 50 ने उतरलं की त्या 120 आणि 130 होतात.

इथे हुशार मुलंही फसतात. 170 मधले 50 म्हणजे 29 टक्के आणि 180 मधले 50 म्हणजे 28 टक्के, तेव्हा फॉरवर्डला जरा जास्त फायदा, असं त्यांना वाटतं. पण अर्‍हेनियसच्या सूत्रात टक्के चालत नाहीत, फरक चालतो. वेग e^(50000/RT) पटीने वाढतो. 700 केल्विनला RT साधारण 5820 ज्यूल, म्हणजे दोन्ही वेग सुमारे 5400 पट होतात. पट सारखीच, म्हणून भागाकार 64 च राहतो. वेग-काळ आलेखात प्लॅटिनम टाकल्याच्या क्षणी दोन्ही रेषा एकदम वर उडी मारतात आणि एकमेकींवरच राहतात. संहती-काळ आलेखात तर काहीच हलत नाही.

आता अमोनिया. तुझा गोंधळ खरं तर इथून आला आहे, आणि शंका रास्त आहे. अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान जितकं कमी तितका समतोलाला अमोनिया जास्त. पण कमी तापमानाला नायट्रोजन हलतच नाही. लोखंडाच्या उत्प्रेरकामुळे 400 ते 500 अंश सेल्सियसला काम भागतं. अमोनिया जास्त मिळतो तो या कमी तापमानामुळे आणि सुमारे 200 वातावरण दाबामुळे. लोखंड तिथवर पोचायला वेळेची सोय करतं. शिवाय तिथे वायू थांबून समतोलाची वाट बघत नाही. एका फेरीत साधारण 15 टक्केच अमोनिया होतो, तो थंड करून काढतात आणि उरलेला वायू परत फिरवतात. अशा ठिकाणी ‘तासाला किती बनलं’ हे उत्प्रेरकाने वाढतंच. तुझ्या प्रश्नात मात्र समतोल आधीच आला होता, तेव्हा गाठायचं काही उरलंच नव्हतं.

एक अपवाद लक्षात ठेव, परीक्षेत येतो. अ‍ॅसिटिक आम्ल आणि इथेनॉलपासून एस्टर बनवताना तीव्र सल्फ्युरिक आम्ल भरपूर घातलं, तर एस्टर खरोखर वाढतं. कारण ते आम्ल तयार झालेलं पाणी धरून ठेवतं, आणि पाणी कमी झालं की Q हा K पेक्षा खाली येतो. तिथे समतोल सरकतो तो पाणी हटल्यामुळे. दोन-चार थेंबच घातले तर एस्टर लवकर तयार होईल, पण समतोलाला जवळपास तेवढंच राहील.