आजोबा म्हणतात विहीर १२ वाव खोल आहे. म्हणजे किती फूट? मोटरचा पाइप घ्यायचाय. (गेवराई, जि. बीड)

ढोबळ हिशेबाने ७२ फूट, म्हणजे जवळपास २२ मीटर. वीत ९ इंच, दोन वितींचा हात १८ इंच आणि चार हातांची वाव ६ फूट, म्हणजे १.८३ मीटर.

पण पाइप या आकड्यावर घेऊ नका. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, आणि ते साधारण माणसाच्या उंचीइतकंच भरतं. मोजणारा साडेपाच फुटांचा असेल तर १२ वाव ६६ फूटच होतात. म्हणजे ६ फुटांचा फरक, तोही हात पूर्ण ताणले असतील तर! दोर मोजताना कोपर जरा वाकलं तरी प्रत्येक वावेत दोन-तीन इंच कमी पडतात आणि ती चूक बारा वेळा जमा होते.

दोराला जड दगड बांधून विहिरीत सोडा. दगड तळाला टेकला की दोर ढिला पडतो. मग तो हलकेच ताणून काठाशी गाठ मारा, वर ओढा आणि टेपने मोजा. मोजणी कठड्यावरून केली असेल तर कठड्याची उंची वजा करायला विसरू नका, जुन्या आकड्यांत ती बऱ्याचदा धरलेली असते.