मे महिन्यात सोलापुरात स्लॅब: आधी खडी गार करा

प्रश्न: सोलापुरात घर बांधतोय. 1000 चौरस फुटांचा स्लॅब मे महिन्यात आलाय, पारा 42-43. ठेकेदार म्हणतो रिटार्डर टाकू आणि सकाळी 10 ला सुरू करू. चालेल का?

उत्तर: 10 ला सुरू करू नका, रिटार्डर असलं तरी. गेली बरीच वर्षं मी इथेच साइटवर काम करतोय आणि नेमका असाच एक स्लॅब माझ्या देखरेखीखाली तडकलेला आहे.

जुळे सोलापुरातलं घर होतं, स्लॅब साधारण पाच इंची, सुमारे 12 घनमीटर माल. माल वर चढवायची लिफ्ट उशिरा आली म्हणून 11 ला सुरुवात झाली. दुपारी मालात थर्मामीटर खुपसला तर 45 अंश! आयएस 7861 नुसार काँक्रीट ओतताना त्याचं स्वतःचं तापमान 40 च्या वर जाता कामा नये. हवेचं नाही, मालाचं. मी शक्यतो 35 च्या आत ठेवायला बघतो.

इतका ताप आला कुठून, याचा हिशोब त्या रात्री मांडला. एका घनमीटरमध्ये साधारण 1900 किलो खडी-वाळू, 340 किलो सिमेंट, 170 लिटर पाणी. खडी 45 अंश, सिमेंट 50, टाकीतलं पाणी 42 धरलं तर माल बरोबर 45 च्या आसपास येतो. आता यातलं काय 10 अंशांनी गार केलं तर किती फरक पडतो, ते बघा. सिमेंट गार केलं तर जेमतेम 1 अंश. पाणी केलं तर अडीच. खडी-वाळू केली तर सव्वासहा. किलोमागे पाणी जास्त उष्णता ओढून घेतं हे खरं, पण मालात वजन खडीचं आहे, आणि आपली काळ्या दगडाची खडी दिवसभर उन्हात तापत पडलेली असते.

म्हणून आदल्या दिवशी दुपारीच खडीच्या ढिगावर सावली करा आणि संध्याकाळपासून थोडं थोडं पाणी शिंपडत राहा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी उडून जाताना खडी चांगली निवते. वाळू फक्त झाका, ती भिजवू नका. पाण्याची टाकी गोणपाटाने गुंडाळा. पहाटे खडी-वाळू 30 वर, पाणी 24 वर, सिमेंट 45 वर आलं तर तोच हिशोब माल 30 अंश दाखवतो. दुपारी याच्या जवळपास यायचं तर घनमीटरमागे 50 किलो बर्फ पाण्याऐवजी घालूनही माल 35-36 लाच थांबतो. मात्र ओल्या खडीतलं पाणी मिक्सरच्या पाण्यातून वजा करायला विसरू नका.

पहाटे 4 ला सुरू करा. 80 गोण्यांच्या आसपास माल आहे, एका मिक्सरवर साडेचार-पाच तास लागतात, 9 पर्यंत काम उरकतं. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आणि सळया आधी पाणी मारून निववा, पण प्लेटांवर पाणी साचलेलं राहू देऊ नका.

रिटार्डरबद्दल: ते माल गार करत नाही आणि पाणी उडणंही थांबवत नाही. ते फक्त घट्ट होणं लांबवतं. त्याचा उपयोग एवढाच की एका पट्ट्याला दुसरा पट्टा मिळेपर्यंत पहिला ताजा राहतो आणि जोड पडत नाही. पण माल जितका वेळ मऊ, तितका वेळ तो वाऱ्या-उन्हात सुकून तडकू शकतो. पहाटेच्या कामाला बहुतेक वेळा गरज पडत नाही. वापरायचंच तर डब्यावरच्या मात्रेच्या खालच्या टोकापासून, आणि त्याच सिमेंटवर आधी एक घमेलं माल करून किती तासांत घट्ट होतो ते बघून. जास्त पडलं तर दुसऱ्या दिवशीही स्लॅबवर पाय रुततो. माल आटतोय म्हणून कुणी मिक्सरमध्ये किंवा घमेल्यात बादलीभर पाणी ओतलं, तर तो हात तिथेच धरा. आमच्या स्लॅबवर दोनच्या सुमारास तेच झालं होतं.

तडे कसे ओळखाल? ओतल्यावर तास-दोन तासांत, माल अजून मऊ असतानाच, तिरप्या, एकमेकींना समांतर रेघा दिसतात. पृष्ठभागाची चकाकी गेली की त्या येणार असं समजा. माल मऊ आहे तोवर रंध्याने दाबून पुन्हा घासलं तर त्या मिटतात. घट्ट झाल्यावर वरून सिमेंटचं पाणी फिरवून काही होत नाही, आत भेग राहतेच. म्हणून शेवटपर्यंत थांबू नका: जसा पट्टा घासून होईल तसा त्यावर लगेच प्लास्टिक अंथरा, कडा वाऱ्याने उडणार नाहीत अशा दाबा. पहाटे भरलेल्या मालावर दुपारचं ऊन येतंच, ते या प्लास्टिकने आणि नंतर ओल्या गोणपाटाने अडवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे करून पाणी साठवा. पीपीसी सिमेंट असेल तर या उन्हात 14 दिवस, ओपीसी असेल तरी 10 दिवसांच्या खाली नको. दोन इंच पाणी उभं करायचं म्हटलं तर तुमच्या स्लॅबला पहिल्याच भरणीला साडेचार हजार लिटरच्या वर लागेल, शिवाय रोजची भर वेगळी. आपल्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा टँकर स्लॅबची तारीख ठरवतानाच सांगून ठेवा. एक दुपार जरी वाफे कोरडे पडले तरी वरचा थर कच्चा राहतो, आणि पुढे झाडू मारला की भुकटी निघते.