नकली कॅमेऱ्याचा संशय कागदावर कसा आणायचा

प्रश्न: गावातल्या दुकानातून ३१,००० रुपयांना नामांकित कंपनीचा अ‍ॅक्शन कॅमेरा घेतला. पैसे यूपीआयने दिले, बिलावर नुसतं ‘कॅमेरा १ नग’. बॉडीच्या सांध्यात नख अडकतं, लेन्सभोवतीची रिंग हलते. सर्व्हिस सेंटरवाले तोंडी म्हणाले, ‘हा आमचा नाही.’ दुकानदार म्हणतो, खोका फोडलात, आता परत घेणार नाही. तीन आठवडे झाले. काय करू?

उत्तर: कॅमेरा कुठल्याही कारणाने उघडू नका. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं आणि आयोगाला गरज वाटली, तर तो नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. तुम्ही आधीच स्क्रू काढलेत, तर ‘यांनीच आतला माल बदलला’ असं म्हणायला दुकानदार मोकळा.

नख अडकणं आणि रिंग हलणं एवढ्यावरच भिस्त ठेवू नका. पडलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या असली कॅमेऱ्यातही हे दिसतं. बॅटरीचं लेबल जास्त बोलकं असतं. त्यावरचे व्होल्ट आणि एमएएच गुणा, १००० ने भागा. उत्तर छापलेल्या वॉट-अवरशी जुळायला हवं. ३.८५ व्होल्ट, १७२० एमएएच असेल तर ६.६२ यायला हवेत. तिथे ७.९ छापलं असेल, तर त्याचा जवळून फोटो घ्या. भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा, R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तर तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाका आणि भलत्याच कंपनीचं नाव आलं तर स्क्रीनशॉट ठेवा.

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी हवी. ती नसली म्हणून माल लगेच नकली ठरत नाही. चोरवाटेने आलेला असलीही असू शकतो.

म्हणून सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे कंपनीचं लेखी उत्तर. खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि स्क्रीनवरचा सीरियल नंबर, तिन्हींचे फोटो जोडून कंपनीला ईमेल करा आणि ‘हा क्रमांक तुमच्या नोंदीत आहे का’ एवढंच विचारा. सर्व्हिस सेंटरचं तोंडी बोलणं आयोगापुढे टिकणार नाही.

तोवर दुकानदाराला आजच स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर विक्रीनंतर तीस दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे. ‘खोका फोडला’ या सबबीला अर्थ नाही; न फोडता दोष कळणार कसा? नोटिशीत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहा, म्हणजे बिलाची उणीव भरून निघते.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा वेगळा गुन्हा आहे, पण ती वाट कंपनीच्या पत्रानंतरच धरा.