‘कॅनन’ला प्रमाणग्रंथ म्हणावं की आणखी काही?

प्रश्न: «धर्मग्रंथांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘कॅनन’ला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि ‘क्लोज्ड कॅनन’ म्हणजे ‘बंद ग्रंथ’ म्हटलं तर चालेल का?»

‘प्रमाणग्रंथ’ बिनधास्त वापरा. मूळ ग्रीक ‘कॅनोन’ म्हणजे मोजायची काठी, आणि आपल्या ‘प्रमाणा’तही ‘मा’ म्हणजे मोजणे हाच धातू आहे. गंमत अशी की तो ग्रीक शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे कधीच येऊन बसलाय. कायदेकानूनमधला ‘कानून’ तोच!

‘बंद ग्रंथ’ मात्र नको. वाचकाला वाटेल, पोथी फडक्यात बांधून ठेवलीय. इथे बंद होते ती भर. ‘भर थांबलेले प्रमाणग्रंथ’ हे थोडं लांबतं, पण अर्थ चुकत नाही. हा फरक मला आमच्या नागपूरहून फार दूर नसलेल्या रिद्धपूरच्या परंपरेतून कळला, म्हणून तिथल्या महानुभाव पंथाचंच उदाहरण देतो.

महानुभाव म्हटलं की ‘साती ग्रंथ’ आठवतात: शिशुपालवध, रुक्मिणीस्वयंवर, वछाहरण वगैरे. यालाच त्यांचा कॅनन समजू नका. ती आदराची यादी आहे. भास्करभट्टांचं शिशुपालवध वाचून पंथातले एक ज्येष्ठ म्हणाले होते की ग्रंथ चांगला झालाय, पण निवृत्तांच्या, म्हणजे संसार सोडलेल्यांच्या, जोगा नाही, शृंगार फार. मग भास्करभट्टांनी उद्धवगीता लिहिली. शेवटी सातांत दोन्ही आली. आवडीच्या यादीत असं चालतं.

प्रमाण म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या तोंडचे शब्द, आणि त्यांत नवी भर अशक्यच होती, कारण बोलणारा निघून गेला होता. म्हाइंभटांनी ज्या-त्या शिष्याला भेटून, विचारून, स्वामींनंतरचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून खात्री करून आठवणी गोळा केल्या, ते लीळाचरित्र. त्यातली स्वामींची वचनं केशोबासांनी वेगळी काढून लावली, तो सूत्रपाठ. कसोटी एकच: हे स्वामी बोलले का? कवित्व किती चांगलं, हा प्रश्नच नव्हता.

पुढे आठवणी जुळेनात. एकाच लीळेबद्दल हिराइसांच्या परंपरेत एक पाठ, रामेश्वरबासांच्या परंपरेत दुसरा. अशा पाठपरंपरेला पंथात ‘वासना’ म्हणतात (पहिल्यांदा वाचताना मी दचकलो होतो). नकलाकारांनी दुसरी वासना खोडून टाकली नाही, तीही नोंदवून ठेवली. म्हणजे भर थांबली तरी पाठ एक झालाच असं नाही. ‘बंद’ या शब्दाने नेमकं हेच झाकलं जातं.

आणि शब्द बदलता येत नसले की अर्थाचं काय होतं? सूत्रपाठातलं एक सूत्र घ्या: ‘महाराष्ट्रीं असावें.’ दोनच शब्द. शेजारच्या सूत्रात कानड आणि तेलंग देशांत जाऊ नये असं आहे, कारण ते विषयबहुळ, म्हणजे भोगाची ओढ लावणारे. आता संन्याशाने विचारलं, मी उभा आहे ते महाराष्ट्र आहे का, तर सूत्र गप्प. त्याला पुरवणी जोडायचा अधिकार कुणालाच नाही. मग टीकाकार ‘महाराष्ट्र’ हा शब्दच सोडवायला बसतात. जिथवर मऱ्हाटी भाषा चालते तिथवर, असं धोरण ठरवून फलटणच्या बाजूने सुरुवात करतात. बालाघाट, गंगेचे म्हणजे गोदावरीचे दोन्ही काठ, मेहकरचा घाट, असं एकेक खंडमंडळ, म्हणजे प्रदेश, मोजत अवघ्या वऱ्हाडापर्यंत येतात. वेगळी मंडळं का? तर भाषेत किंचित किंचित पालट आहे म्हणून. पण सगळी मिळून महाराष्ट्रच.

सूत्राची मात्राही हलली नाही आणि नियमाला हद्द मिळाली. यासाठी टीकेला हाताशी दोनच गोष्टी असतात, शब्दाचा अर्थ आणि तो कुठल्या प्रसंगी बोलला गेला ते. प्रसंग सांगणाऱ्या ग्रंथांना तिकडे ‘प्रकरणवश’ म्हणतात. प्रसंग हरवला की सूत्र कुठेही लागू करता येतं, आणि तिथेच भांडणं सुरू होतात.

तरी तुमचा ‘बंद’ अगदीच वाया जायला नको. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत, लिहिल्या जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्यांना त्या वाचताच येत नव्हत्या. ‘बंद ग्रंथ’ हा शब्द तिथे शोभतो. लेखात तो मुद्दा आला तर त्याच्यासाठी राखून ठेवा.

आणि भाषेतला तो किंचित पालट खरा आहे. हे उत्तर कधीचा लिहून राहिलो, पाहा.