30 शी सामाईक अवयव नसलेल्या संख्या कशा मोजाव्यात

1 ते 30 मधले सगळे आकडे लिहून खोडत बसू नकोस. आधी 30 चे मूळ अवयव पाड: 2, 3, 5. नवखे इथे 2 च्या पटीतले 15, 3 च्या 10 आणि 5 च्या 6 एकदम वजा करतात. बेरीज होते 31! 6, 10, 12 असे आकडे दोनदा मोजले जातात, 30 तर तीनदा.

त्यापेक्षा टप्प्याने जा. सम गेले, उरले 15. त्यांतले एकतृतीयांश 3 च्या पटीत (3, 9, 15, 21, 27), उरले 10. त्यांतले एकपंचमांश, म्हणजे 5 आणि 25, काढले की 8: 1, 7, 11, 13, 17, 19, 23, 29. हो, 1 धरायचाच.

पडताळा जोड्यांनी घे: 7 असेल तर 30−7, म्हणजे 23 हवाच.

60 मध्ये 2 दोनदा येतो, तरी निम्मे एकदाच करायचे: 60, 30, 20, 16.