प्रगतिपुस्तकातला 'फेअर' आणि दोन वेगळे 'बी'

प्रश्न : मुलगी सीबीएसई शाळेत सहावीत आहे. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात गणिताला बी२, शिस्तीला बी, कार्यशिक्षणाला सी आणि खाली 'फेअर. कॅपेबल ऑफ बेटर वर्क' असं लिहिलंय. माझं शिक्षण मराठीतून झालं. हे चांगलं म्हणायचं की वाईट?

गणिताचा बी२ आणि शिस्तीचा बी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. विषयांची श्रेणी बहुतेक सीबीएसई शाळांत आठ पायऱ्यांची असते : ए१ म्हणजे ९१ ते १००, ए२ म्हणजे ८१ ते ९०, मग दहा-दहा गुणांनी उतरत बी१, बी२, सी१, सी२, ३३ ते ४० ला डी आणि त्याखाली ई. म्हणजे बी२ हा ६१ ते ७०. शिस्त, कार्यशिक्षण यांना मात्र या इयत्तेत सहसा तीनच पायऱ्या असतात, ए, बी, सी. तिथला बी मधला आहे आणि सी सगळ्यात खालचा. पुस्तकाच्या मागच्या पानावर शाळेचा तक्ता छापलेला असतो. शाळेनुसार फरक असतो, तेव्हा तो आधी पाहा.

बी२ मध्ये काय दडलंय हे पाहणं जास्त महत्त्वाचं. पुष्कळ शाळा १०० गुण असे वाटतात : लेखी ८०, चाचणी १०, वही ५, उपक्रम ५. समजा, मुलीला चाचणीत ९, वहीचे ५, उपक्रमाचे ५ आणि लेखीत ४७ मिळाले. बेरीज ६६, श्रेणी बी२. पण ८० पैकी ४७ म्हणजे जेमतेम ५९ टक्के. नुसती लेखी धरली तर ती सी१ मध्ये गेली असती. अशा वेळी वही नीटनेटकी असूनही पेपरात गणितं सुटत नाहीत, हे श्रेणी सांगत नाही. म्हणून पालकसभेत श्रेणीपेक्षा ८० गुणांची उत्तरपत्रिका मागून पाहा. रीत चुकली, आकडेमोड चुकली की प्रश्न लिहायचेच राहिले, हे पाचच मिनिटांत कळतं.

आता शेरा. 'फेअर' म्हणजे 'छान' असं बरेच पालक समजतात. प्रगतिपुस्तकात त्याचा अर्थ 'बेताचं', आणि तीन पायऱ्यांच्या तक्त्यात बहुधा सी समोरच हा शब्द असतो. 'सॅटिसफॅक्टरी' हाही आपल्या 'समाधानकारक'इतका समाधानी नाही. 'चालेल' एवढंच त्यातून समजावं. 'कॅपेबल ऑफ बेटर वर्क' ही कौतुकाची ओळ वाटते, पण तिचा रोख मेहनतीवर असतो : डोकं आहे, अभ्यास तेवढा होत नाही. ताण किंवा न समजणं हेही कारण असू शकतं, तेव्हा मुलीला रागावण्याआधी बाईंना विचारा, 'नेमकं कोणत्या कामात कमी पडते? गृहपाठात, वर्गात की परीक्षेत?'

दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेला मात्र वरचा तक्ता लावू नका. तिथला ए१ ठरावीक गुणांवर मिळत नाही. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या मुलांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांना तो मिळतो.